दोन पोर्ट जोडले, तरी एका कॉपीचा वेग दुप्पट का होत नाही

प्रश्न: दादा, दारव्हा तालुक्यात लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करतो. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून फाइल सर्व्हर केला आहे, त्याला दोन गिगाबिट पोर्ट आहेत. दोन्ही पोर्ट स्मार्ट स्विचला लावले, दोन्हीकडे पोर्ट एकत्र जोडणारं एलएसीपी चालू केलं, दोन्ही लाइट लुकलुकतात. पण फुटेज कॉपी करताना विंडोजमध्ये वेग सेकंदाला ११२ एमबीच्या वर जातच नाही. एका केबलवर पण तेवढंच यायचं. आणि दोन पीसीवर एकदम कॉपी लावली की ५५-५५ होतं. तीन पीसी आहेत. माझं काय चुकलं?

उत्तर:

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका कॉपीला ११२ मिळणं हा बिघाड नाही, ते तसंच राहणार. पण दोन पीसी एकदम लावल्यावर ५५-५५ होणं हे मात्र बहुतेक दुरुस्त करता येईल, आणि दुसरी केबल लावायची ती त्यासाठीच.

आधी ११२ कुठून येतात ते बघू. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट, म्हणजे १२५ एमबी. पण तारेवरून नुसती तुमची फाइल जात नाही. फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, आणि अशा प्रत्येक तुकड्याला, म्हणजे फ्रेमला, पत्ते, तपासणीचा आकडा आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा असते. नेहमीच्या १५०० बाइटच्या फ्रेमला तारेवर १५३८ बाइट इतकी जागा लागते आणि त्यात फाइलचा भाग साधारण १४५० बाइट. म्हणजे ९४ टक्के, साधारण ११७ एमबी. विंडोज आपला `MB` १०२४ च्या हिशोबाने मोजतं, त्यामुळे तेच ११७ स्क्रीनवर ११२ दिसतात. तुमची एक गिगाबिट तार तोंडापर्यंत भरून वाहते आहे. केबल, स्विच, डिस्क, सर्व्हरवर फाइल शेअर करणारा सांबा यांपैकी कोणीही आडवं येत नाही.

आता तुमच्या पीसीच्या मागे बघा. त्याला एकच गिगाबिट केबल आहे ना? मग सर्व्हरकडून स्विचपर्यंत दोन काय, चार तारा आणल्या तरी स्विचपासून पीसीपर्यंतच्या शेवटच्या तारेतून ११२ च्या वर काही येणारच नाही. पुष्कळांचा घोळ इथेच मिटतो. पण समजा उद्या तुम्ही पीसीलाही दोन पोर्टचं कार्ड टाकलं आणि तिकडेही दोन्ही पोर्टचा एक गट, म्हणजे बाँड, केला. तरीही एका फाइलला ११२ च मिळतील. साधी विंडोज १० किंवा ११ स्वतःहून एलएसीपी करतही नाही, ते कार्डाच्या ड्रायव्हरवर अवलंबून राहतं. पण तो अडथळा बाजूला ठेवला तरी खरं कारण वेगळंच आहे.

तारांचा असा गट करणं म्हणजे लिंक ॲग्रिगेशन. ते फ्रेम तारांवर वाटून देतं, पण एक इकडे एक तिकडे असं वाटत नाही. ते संवाद वाटतं. एका पीसीचं सर्व्हरशी जे बोलणं चालू आहे, त्या बोलण्याच्या सगळ्या फ्रेम एकाच तारेने जायच्या, असा नियम मानकातच आहे. हे मानक २००० साली ८०२.३एडी नावाने आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्स नावाखाली गेलं. लिनक्सच्या सेटिंगमध्ये अजून जुनंच नाव चालतं. नियमाचं कारण एकच: फ्रेमचा क्रम मोडू नये. जिनिंगच्या फाटकावर दोन वजनकाटे असले आणि एकाच शेतकऱ्याच्या क्रमांक घातलेल्या गाड्या दोन्ही काट्यांवर सोडल्या, तर एका काट्यावर पुढे कोणाची मोठी ट्रॉली अडकली की सहावी गाडी पाचवीच्या आधी आत पोहोचते. मुनीम म्हणतो, पाचवी हरवली.

तारेवर नेमकं हेच होतं. दोन तारांच्या रांगा कधीच सारख्या लांबीच्या नसतात. एकीवर दुसऱ्या कोणाच्या दहा फ्रेम आधीपासून उभ्या असतात, दुसरी रिकामी असते. मागून निघालेला तुकडा पुढे पोहोचतो. टीसीपीला मधला तुकडा दिसला नाही की ते पुन्हा पुन्हा त्याच तुकड्याची पोच पाठवतं. अशा तीन दुबार पोचा आल्या की पाठवणारा समजतो तुकडा हरवला, तो परत पाठवतो आणि आपला वेगही खाली आणतो. आजचं लिनक्स याबाबतीत बरंच समजूतदार झालं आहे, पण समोर कोण आहे हे स्विचला माहीत नसतं. म्हणून मानकाने सरळ सांगितलं की क्रम मोडेल असं वाटपच करू नका. दुप्पट वेगापेक्षा शाबूत क्रम पसंत केला, आणि माझ्या मते ते बरोबरच केलं.

मग कोणता संवाद कोणत्या तारेवर, हे ठरतं कसं? तारांवर गर्दी किती आहे हे बघून ठरत नाही. ते एका ठरावीक गणिताने ठरतं, त्याला हॅश म्हणतात. तुमचे ५५-५५ बहुधा याच गणितातून निघाले आहेत, म्हणून इथे थोडं थांबू.

लिनक्सच्या बाँडिंगमध्ये मुद्दाम काही बदललं नसेल तर `layer2` हे धोरण चालतं. त्यात सर्व्हरच्या मॅक पत्त्याचा शेवटचा बाइट आणि पीसीच्या मॅक पत्त्याचा शेवटचा बाइट यांचं एक्सऑर घेतात, म्हणजे बिट सारखे असतील तिथे शून्य आणि वेगळे असतील तिथे एक, पॅकेटचा प्रकार त्यात मिसळतात आणि तारांच्या संख्येने भागून उरलेली बाकी घेतात. तारा दोन असल्या की बाकी शून्य किंवा एक. साध्या आयपीव्ही४ पॅकेटच्या प्रकाराचा आकडा सम आहे, त्यामुळे त्याने फरक पडत नाही. म्हणजे एवढ्या सगळ्या गणिताचं सार इतकंच उरतं: दोन्ही मॅक पत्त्यांचा शेवटचा अंक सम की विषम. दोन्ही सारखे असतील तर एक तार, वेगळे असतील तर दुसरी.

समजा सर्व्हरच्या बाँडचा मॅक `4c` ने संपतो. तुमच्या एडिटिंगच्या पहिल्या पीसीचा `a6` ने, दुसऱ्याचा `3e` ने आणि बिलं-अल्बम बघणाऱ्या तिसऱ्या पीसीचा `7b` ने. सोळाच्या अंकलेखनात `c`, `6`, `e` हे सम आणि `b` विषम. म्हणजे पहिला आणि दुसरा पीसी एकाच तारेवर बसले, आणि बिलांचा पीसी एकटा दुसऱ्या तारेवर ऐटीत बसला. एडिटिंगचे दोन्ही पीसी एकदम फुटेज ओढायला लागले की ११२ चे दोन भाग होणार, दोघांना ५५-५५, आणि दुसरी तार जवळजवळ रिकामी. हे आज असंच, उद्याही असंच, रीस्टार्ट करून पण असंच, कारण मॅक पत्ते बदलत नाहीत. दोन्ही लाइट मात्र लुकलुकत राहतात, कारण किरकोळ ब्रॉडकास्ट आणि एलएसीपीचे निरोप दोन्हीवरून चालूच असतात. लाइटवर भरवसा ठेवू नका.

वेळेत मोजायचं तर ६० जीबीचं एका लग्नाचं फुटेज ११२ च्या वेगाने साधारण ९ मिनिटांत उतरतं. दोघे एका तारेवर असले तर दोघांनाही १८ मिनिटं लागतात. दोघे दोन तारांवर असले तर दोघांचंही ९ मिनिटांत होतं. दुसरी केबल तुम्हाला देऊ शकते ती एवढीच गोष्ट, आणि लग्नसराईत ती कमी नाही.

तुमच्याकडे खरोखर काय चालू आहे ते आधी सर्व्हरला विचारा:

```
sudo cat /proc/net/bonding/bond0
```

यात चार ओळी बघायच्या. `Bonding Mode` समोर `IEEE 802.3ad Dynamic link aggregation` हवं. `Transmit Hash Policy` समोर कोणतं धोरण आहे ते दिसेल. `Number of ports` समोर २ हवा. आणि `Partner Mac Address` समोर तुमच्या स्विचचा पत्ता हवा. तिथे नुसते शून्य असतील, `00:00:00:00:00:00`, तर स्विच सर्व्हरशी एलएसीपी बोलतच नाही. अशा वेळी लिनक्स शहाणपणाने एकच पोर्ट कामाला लावतं आणि सगळं एका केबलवर मुकाट चालू राहतं. कोणाला पत्ताही लागत नाही. तुमचे ५५-५५ यामुळेही असू शकतात, म्हणून हॅशच्या मागे लागायच्या आधी ही ओळ बघा.

स्विचने बोलणं बंद करण्याचं आपल्या भागातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाइट जाणं. बऱ्याच स्मार्ट स्विचमध्ये सेटिंग करून `Apply` दाबलं की ते लगेच लागू होतं, पण ते नुसतं चालू मेमरीत असतं. कायम ठेवायला वेगळं `Save` बटण असतं, कधी कधी भलत्याच मेनूत लपवलेलं. इकडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी असाच पोर्टचा गट, म्हणजे लॅग, करून दिला होता. पुढे तिथल्या कोणीतरी एक पोर्ट बदलला, लागू केला, सेव्ह केला नाही. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरने दम सोडला, स्विच परत चालू झाला तो जुन्या सेटिंगवर. नवीन पोर्ट लॅगच्या बाहेर, आणि लॅब आठवडेच्या आठवडे एका तारेवर चालली. तुम्ही सेव्ह केल्यावर स्विचची लाइटची वायर एकदा काढून परत लावा आणि मग वरची आज्ञा पुन्हा चालवा. मुद्दाम काढलेली वायर कामाच्या वेळी गेलेल्या लाइटपेक्षा परवडते.

दुसरी गोष्ट त्याच यादीत खाली प्रत्येक पोर्टच्या नावाखाली `Speed` म्हणून दिसते. दोन्ही ठिकाणी `1000 Mbps` हवं. एकीकडे `100 Mbps` दिसलं तर केबल किंवा क्रिम्पिंग खराब आहे. १०० साठी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार नीट दाबली गेली नाही किंवा उंदराने कुरतडली की लिंक मुकाट्याने १०० वर उतरते. वेगळ्या वेगाचे पोर्ट एका गटात बसत नाहीत, त्यामुळे दोघांचे `Aggregator ID` वेगळे दिसतात आणि एक पोर्ट नुसता उभा राहतो. बाजारात स्वस्तात मिळणारी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल इथेच दगा देते. सर्व्हरपासून स्विचपर्यंत दोन मीटरच लागतात, तेवढी तरी शुद्ध तांब्याची घ्या.

तिसरी: स्विचमध्ये गट बनवताना `Static` आणि `LACP` असे दोन पर्याय असतात. दोन्ही टोकांना एकच हवा. स्विचवर स्टॅटिक आणि सर्व्हरवर एलएसीपी ठेवलं तर स्विच कोणालाही न विचारता दोन्ही पोर्टवर फ्रेम टाकतो, सर्व्हर मात्र एकच पोर्ट मानतो. अशा वेळी लक्षण मोठं फसवं असतं. काही पीसींना सर्व्हर दिसतो, काहींना दिसत नाही, आणि कोणाला दिसेल हे पुन्हा हॅशवर. अशी तक्रार आली की मी वायरिंगला हात लावायच्या आधी हेच बघतो. एलएसीपी निवडा. त्यात दोन्ही टोकं आधी एकमेकांना ओळखतात आणि मगच पोर्ट कामाला लावतात.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, `Number of ports` समोर २ आहे, तर मग डिस्क बाजूला काढून नुसतं नेटवर्क मोजा. साध्या हार्ड डिस्कवरून दोन मोठ्या फाइल एकदम वाचायला लावल्या की डिस्कचं डोकं इकडून तिकडे उड्या मारतं. एकटीला १५० देणारी डिस्क दोघांना मिळून ११० देईल आणि तुम्ही उगाच हॅशला शिव्या द्याल. त्यासाठी `iperf3` वापरा, ते डिस्कला हातच लावत नाही. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: `iperf3` चा एक सर्व्हर एका वेळी एकच चाचणी घेतो. म्हणून सर्व्हरवर दोन उघडा:

```
iperf3 -s -p 5201 -D
iperf3 -s -p 5202 -D
```

आणि दोन्ही पीसीवरून एकाच वेळी चालवा, पहिल्यावर ५२०१, दुसऱ्यावर ५२०२:

```
iperf3 -c 192.168.1.10 -p 5201 -R -t 30
```

`-R` विसरू नका. त्याने डेटा सर्व्हरकडून पीसीकडे येतो, म्हणजे तुमची फुटेज कॉपी करण्याचीच दिशा. दोघांनाही ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर ते वेगळ्या तारांवर आहेत आणि तुमचा दोष डिस्कमध्ये आहे. दोघांना ४७० च्या आसपास आलं तर एकाच तारेवर आहेत. खात्री हवी असेल तर चाचणी चालू असताना सर्व्हरवर `ip -s link` दोनदा चालवून कोणत्या पोर्टचा `TX` आकडा पळतो ते बघा. एक पळेल, दुसरा रेंगाळेल.

४७० आलं तर धोरण बदलायची वेळ आली. `layer2+3` मध्ये मॅकबरोबर दोन्हीकडचे आयपी पत्तेही मिसळतात. यातली गंमत अशी की मॅक पत्ता कार्डासोबत आलेला असतो, पण आयपी पत्ता तुमच्या हातात असतो. दोन तारांसाठी हे गणित शेवटी पुन्हा सम-विषमवरच येतं: मॅकचे शेवटचे अंक आणि आयपीच्या चारही भागांची सम-विषमता, सगळं एक्सऑर. आयपीचे पहिले तीन भाग सर्व्हर आणि पीसी दोघांचे सारखेच, त्यामुळे ते एकमेकांना खातात. उरतो शेवटचा भाग.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. सर्व्हर `192.168.1.10`, तीन पीसी `.21`, `.22`, `.23`. पहिल्या पीसीचा मॅक सर्व्हरशी जुळता, दोन्ही सम, तिथे शून्य. आयपीत १० सम आणि २१ विषम, तिथे एक. मिळून एक. दुसऱ्याचा मॅक जुळता, शून्य. १० आणि २२ दोन्ही सम, शून्य. मिळून शून्य. तिसऱ्याचा मॅक वेगळा, एक. १० आणि २३ वेगळे, एक. एक आणि एक मिळून शून्य. म्हणजे आता पहिला एडिटिंग पीसी एका तारेवर एकटा, आणि दुसरा एडिटिंग पीसी बिलांच्या पीसीबरोबर दुसऱ्या तारेवर. बिलांच्या पीसीची वाहतूक ती किती, त्याने कोणाला त्रास नाही. तीन पीसी आणि दोन तारा म्हटल्यावर कोणीतरी दोघे एकत्र येणारच. कोण दोघे, हे मात्र तुम्ही ठरवू शकता. वाटणी मनासारखी आली नाही तर एका पीसीचा आयपी २२ चा २४ करून उपयोग नाही, सम-विषम बदललं पाहिजे. २५ करा, तो लगेच दुसऱ्या तारेवर जाईल. आयपी राउटरमध्ये पक्के बांधून ठेवा, नाहीतर डीएचसीपी कधी तरी नवीन पत्ते वाटेल आणि तुमची वाटणी बदलेल. हा सगळा हिशोब आयपीव्ही४ चा आहे, म्हणून सर्व्हर नावाने न उघडता आयपी पत्त्यानेच उघडा.

नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर बदल असा:

```
sudo nmcli con mod bond0 bond.options \
 "mode=802.3ad,miimon=100,xmit_hash_policy=layer2+3"
sudo nmcli con up bond0
```

`con mod` च्या पुढे तुमच्या कनेक्शनचं जे नाव असेल ते टाका, आणि कॉपी चालू असताना हे करू नका.

कोणी सांगेल `layer3+4` लावा, त्यात पोर्ट क्रमांकही मिसळतात, जास्त चांगलं वाटप होतं. ज्या सर्व्हरवर शेकडो वेगवेगळी कनेक्शनं येतात तिथे ते खरं आहे. तुमच्याकडे नाही. विंडोजचा एक पीसी सांबाशी साधारण एकच टीसीपी कनेक्शन उघडतो आणि दहा फाइल एकदम ओढल्या तरी त्या सगळ्या त्याच कनेक्शनमधून येतात. म्हणून एका पीसीचा वेग त्यानेही वाढत नाही. उलट विंडोजचा पोर्ट क्रमांक प्रत्येक कनेक्शनला बदलतो, म्हणजे आज दोघे वेगळ्या तारांवर, उद्या पीसी रीस्टार्ट केल्यावर एका तारेवर. दोन कनेक्शनं आणि दोन तारा असल्या की एकत्र येण्याची शक्यता निम्मी. तुमच्यासारख्या मोजक्या पीसींच्या ठिकाणी मला `layer2+3` ची बांधलेली वाटणी जास्त आवडते, कारण ती एकदा तपासली की तशीच राहते.

आता यातली निम्मीच बाजू झाली. हे धोरण फक्त सर्व्हर जे पाठवतो त्याला लागू. तुम्ही तयार झालेला व्हिडिओ सर्व्हरवर ठेवता तेव्हा फ्रेम स्विचकडून सर्व्हरकडे जातात, आणि कोणत्या तारेने जायचं हे स्विच त्याच्या स्वतःच्या हॅशने ठरवतो. दोन्ही टोकांचं धोरण एकच असायला हवं असं बंधन नाही. त्यामुळे एकच पीसी वाचताना एका तारेवर आणि लिहिताना दुसऱ्या तारेवर असू शकतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. स्विचच्या लॅगच्या पानावर हॅशचा पर्याय असेल तर मॅकऐवजी मॅक आणि आयपी दोन्ही असलेला निवडा. पुष्कळ स्वस्त स्विचमध्ये तो पर्याय नसतोच, मग जे मिळेल ते. `iperf3` मधून `-R` काढून हीच चाचणी घेतली की ती दिशा कळेल.

राहिली गोष्ट एकाच पीसीला जास्त वेग देण्याची. लिनक्समध्ये `balance-rr` नावाचा प्रकार आहे, तो खरोखर एक फ्रेम इकडे, एक तिकडे टाकतो. ऐकून मोह होतो. पण सर्व्हरने फ्रेम दोन तारांवर वाटल्या तरी स्विच त्या पीसीकडे काढताना पुन्हा एकाच तारेवर आणणार. पीसीला एकच तार असेल तर त्या तारेची मर्यादा, आणि दोन तारांचा गट असेल तर स्विचचा हॅश. शिवाय क्रम मोडण्याचा त्रास वेगळाच. मधे स्विच असेल तर `balance-rr` च्या नादी लागू नका.

विंडोज आणि सांबा ज्या भाषेत फाइलींची देवाणघेवाण करतात ती एसएमबी, आणि तिचं मल्टिचॅनल हा खरा मार्ग आहे. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून तो आला, आणि सांबामध्ये लिनक्सवर ४.१५ पासून मुळातच चालू असतो. यात एकाच कॉपीसाठी अनेक टीसीपी कनेक्शनं उघडतात आणि फाइल जोडण्याचं काम एसएमबी स्वतः वरच्या पातळीवर करतं, त्यामुळे प्रत्येक कनेक्शनचा क्रम आपापल्या तारेवर शाबूत राहतो. पण त्यासाठी बाँड सोडावा लागतो. सर्व्हरचे दोन पोर्ट सुटे, दोन वेगळ्या सबनेटचे आयपी, आणि पीसीलाही दोन पोर्ट, त्याच दोन सबनेटचे. दोन्ही आयपी एकाच सबनेटमध्ये ठेवले तर लिनक्स जाणारी वाहतूक एकाच पोर्टने काढत बसतं. चालू आहे की नाही ते पीसीवर कॉपी चालू असताना पॉवरशेलमध्ये `Get-SmbMultichannelConnection` ने दिसतं. दोन ओळी दिसल्या पाहिजेत.

त्याहून सोपं, आणि मी तुमच्या जागी असतो तर केलं असतं ते म्हणजे अडीच गिगाबिट. हे मानक २०१६ मध्ये आलं ते मुळात जुन्या कॅट ५ई केबलवर १०० मीटरपर्यंत चालावं म्हणूनच, त्यामुळे भिंतीतल्या तारा बदलायची गरज नाही. सर्व्हरमध्ये एक कार्ड, ज्या पीसीवर सगळ्यात जड काम चालतं त्यात एक कार्ड, आणि सुरुवातीला स्विचही नको, दोघांना एका केबलने सरळ जोडून वेगळा सबनेट द्या. सर्व्हरचा दोन तारांचा बाँड बाकी दोघांसाठी आहे तसाच राहू द्या. त्या सरळ जोडणीवर एका कॉपीला नेटवर्ककडून २८० च्या आसपास मिळू शकतात. पण तेवढं द्यायला डिस्कही हवी. साध्या हार्ड डिस्कवर तुम्ही दीडशे-दोनशेलाच अडकाल, म्हणून चालू हंगामाचं फुटेज एसएसडीवर आणि जुनी लग्नं हार्ड डिस्कवर अशी विभागणी करावी लागेल. कार्ड मागवण्याआधी सर्व्हरवर एक मोठी फाइल `dd` ने वाचून बघा:

```
dd if=/srv/footage/test.mov of=/dev/null \
 bs=1M iflag=direct status=progress
```

इथे १६० आले तर आधी डिस्कचा खर्च करा, कार्ड नंतर.